२१ पोट्टे, ४२० पानं आणि ४१३ चा घोळ

दसऱ्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात समाजमंदिरात मी संध्याकाळी सातवी-आठवीच्या पोरांची अभ्यासिका घेतो, २१ पोरं-पोरी येतात, सोयाबीनची सोंगणी सुरू असली की थोडे उशिरा येतात पण येतात. गावात आपट्याचं मोठं झाड एकच, नाल्याकडच्या धुऱ्यावर, आणि दरवर्षी दसऱ्याला त्याचे असे हाल होतात की दुसऱ्या दिवशी पाहवत नाही, लोक पान तोडत नाहीत, फांद्याच्या फांद्या ओढून नेतात आणि त्यातली निम्मी रस्त्यात पडलेली असतात. म्हणून मी म्हटलं की यंदा आपण अभ्यासिकेत एकमेकांना सोनं द्यायचं, प्रत्येकाने प्रत्येकाला एक पान द्यायचं आणि हात मिळवायचा, पण लागतील तेवढीच पानं तोडायची, मोजून, एकही जास्त नाही. तर मग सांगा, किती पानं लागतील?

पाच मिनिटांत फळ्यावर चार आकडे आले. २१, ४४१, ४२० आणि २१०.

२१ वाल्याचं म्हणणं असं की माणसं २१ तर पानं २१, आणि त्याला सगळे हसले (याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण ते हसणं घाईचं होतं). ४४१ वाल्याने २१ गुणिले २१ केलं होतं, सगळे सगळ्यांना देणार म्हणून. त्याला मी काही बोलायच्या आधीच मागून एक पोरगी म्हणाली, "अबे, मंग तू तुलेच सोनं देशीन काय?" तिथेच ते मिटलं. स्वतःला सोडून बाकीचे २०, म्हणून प्रत्येकाला २० पानं, २१ पोरं, २१ × २० = ४२०. पानं ४२० लागतील हे सगळ्यांना पटलं.

आता राहिला २१० वाला. तो म्हणाला की सर मी पानं नाही मोजली, मी हात मोजले, हात २१० वेळा मिळवले जातील. इथे वर्गात खरा वाद सुरू झाला. बाकीच्यांचं म्हणणं होतं की पान देतानाच हात मिळवायचा आहे ना, मग पानं ४२० तर हातही ४२० च झाले पाहिजेत. एकाने तर मला सरळच विचारलं, "सर, पानं तं अर्धे नाही केले, मंग हातच अर्धे काहून करता?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण पुस्तकात 'भागिले २' लिहिलेलं असते आणि पोरं ते पाठ करतात, पण तो २ कुठून आला हे विचारलं की गप्प बसतात. मोठे झालेले, कॉलेज केलेले लोकही इथेच अडकतात हे मी पाहिलं आहे. म्हणून चार पोरांना पुढे बोलावलं, १ ते ४ नंबर दिले आणि म्हटलं की फक्त तुम्ही चौघं द्या-घ्या, बाकीच्यांनी वहीत लिहा. हात मिळाले ते असे: १-२, १-३, १-४, २-३, २-४, ३-४. सहा. पानं मोजली तर बारा. १ नंबरने २ नंबरला पान दिलं ते एक, आणि २ नंबरने १ नंबरला दिलं ते दुसरं, कारण पानाला देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा असतो. पण हात मिळवताना देणारा कोण आणि घेणारा कोण? तिथे दोघं मिळून एकच गोष्ट करतात. मी माझ्याकडून मोजला तरी तोच हात आणि तू तुझ्याकडून मोजला तरी तोच. म्हणजे चौघांनी आपापले ३-३ सांगितले तर बेरीज १२ येते, पण त्या १२ मध्ये प्रत्येक हात दोन तोंडांनी सांगितलेला आहे, एकदा याने आणि एकदा त्याने. म्हणून भागिले २. माणसं n असली तर

```
n(n-1)/2
```

इथे n म्हणजे माणसं, n-1 म्हणजे स्वतःला सोडून बाकीचे, आणि खालचा २ म्हणजे एकच हात दोघांनी सांगितला म्हणून. २१ साठी २१ × २० ÷ २ = २१०.

मग आम्ही एक मोठा चार्ट केला. दोन कार्डशीट जोडून २१ आडव्या आणि २१ उभ्या ओळींची चौकट आखली, डाव्या बाजूला १ ते २१ आणि वरच्या बाजूलाही १ ते २१. एकूण घरं ४४१, हाच तो ४४१ वाल्या पोराचा आकडा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या ओळीवरची २१ घरं, १-१, २-२, ३-३ अशी, त्यांच्यावर काट मारली, कारण तिथे माणूस स्वतःलाच भेटतो. उरली ४२०, ही पानं. आता उरलेल्यात वरच्या बाजूचा त्रिकोण आणि खालच्या बाजूचा त्रिकोण अगदी सारखे, ५ आणि १२ यांचं एक घर वर आहे आणि १२ आणि ५ यांचं दुसरं खाली आहे. हातांसाठी त्यातला एकच त्रिकोण पुरते. हे सांगत असताना पुढच्या बेंचवरची पोरगी नमुन्याला आणलेलं आपट्याचं पान हातात घेऊन खेळत होती, ते पान मधल्या शिरेवर दुमडलं की एक पाळ दुसऱ्या पाळीवर बरोबर बसते, तर ती पान दुमडून दाखवत म्हणाली, "सर, असंच नं?" मला आणखी काही समजवा लागलं नाही.

वरचा त्रिकोण ओळीओळीने मोजला तरी तोच आकडा मिळतो. पहिल्या ओळीत २० घरं, दुसरीत १९ कारण २ आणि १ यांचं आधीच झालं, तिसरीत १८, असं करत विसाव्या ओळीत एकच घर आणि एकविसाव्यासाठी काहीच उरत नाही, त्याला सगळे भेटून गेलेले असतात. २० + १९ + १८ + ... + १ = २१०. काही पोरांना भागाकारापेक्षा हे उतरत्या बेरजेचं जास्त पटते, आणि त्यात काही कमी नाही, हिशोब एकच आहे.

जोड्या मोजायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त सहा रसांचं गणित आहे, गोड, तुरट, आंबट, तिखट, खारट, कडू, यातले एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन किती वेगवेगळ्या चवी होतील असं. त्यासाठी रीत अशी की वर ६, ५, ४, ३, २, १ लिहायचं, त्याखाली १, २, ३, ४, ५, ६ लिहायचं आणि क्रमाने गुणत-भागत जायचं. ६ भागिले १ झाले ६, त्याला ५ ने गुणून २ ने भागलं की १५. म्हणजे सहा रसांच्या दोन-दोनच्या जोड्या १५, आणि सहा माणसं एकमेकांना भेटली तर हातही १५ च. पोरांनी लगेच जोड्या पाडायला घेतल्या, आंबट-गोड, तिखट-खारट, आणि खरंच १५ निघाल्या.

दसऱ्याच्या दिवशी दुपारून सगळे आले. प्रत्येकाच्या पिशवीत मोजलेली २० पानं. मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, वर त्याचा नंबर, आणि सांगितलं की हात मिळवला की एक रेघ मारायची, चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, आपण मोजमापात मारतो तशी, आणि शेवटी खाली एकूण आकडा लिहून द्यायचा. माझा अंदाज असा की प्रत्येक चिठ्ठीवर २० येईल, सगळ्यांची बेरीज ४२० येईल, निम्मे केले की २१०, आणि मग लाडू वाटू. पंधरा-वीस मिनिटं नुसता कल्ला होता, कोण कोणाला भेटतो काही कळत नव्हतं, सगळे एकाच वेळी फिरत होते. नंतर चिठ्ठ्या गोळा केल्या आणि बेरीज केली.

४१३.

आधी पोरांना वाटलं माझी बेरीज चुकली, दोघांनी पुन्हा केली, ४१३ च आली. मी त्यांना म्हटलं की कोण कोणाला भेटलं आणि कोण भेटलं नाही हे बाजूला ठेवा, हा आकडा पाहूनच मी सांगू शकतो की कोणत्या तरी चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं आहे. कारण ४१३ विषम आहे. समजा दहा जण भेटलेच नाहीत, किंवा कोणी एकाच माणसाशी दोनदा हात मिळवला, तरी प्रत्येक हात दोन चिठ्ठ्यांवर एक-एक रेघ टाकतो, त्यामुळे बेरीज दोन-दोननेच वाढते आणि सम आकड्यावरच थांबते. विषम आली की लिहिण्यात चूक आहे, यात शंकेला जागाच नाही. हे तत्त्व ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या आपल्या लेखात मांडलं होतं, कोनिग्सबर्ग गावच्या सात पुलांच्या कोड्यावर लिहिताना. प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला किती पूल लागतात ते मोजून बेरीज केली तर ती पुलांच्या दुप्पट येते, कारण प्रत्येक पूल दोन्ही टोकांकडून मोजला जातो. तिथे पूल, आपल्याकडे हात.

मग चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. १५ जणांच्या चिठ्ठीवर २०. नंबर ६, ९, १३ आणि १७ यांच्यावर १९. नंबर ४ वर २१. आणि नंबर ११ वर १६.

२१ ची चूक तर उघडच होती. खोलीत २१ जण असताना कोणाचेही २० पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, एकदाच भेटायचं ठरलं असेल तर. त्याला विचारलं तेव्हा कळलं की त्याने सुरू करायच्या आधी एक रेघ स्वतःसाठी मारली होती, हजेरी लावल्यासारखी. म्हणजे फळ्यावरचा ४४१ चा घोळ इथे एका रेघेच्या रूपात परत आला. ती रेघ काढली, बेरीज झाली ४१२, सम. निम्मे २०६. म्हणजे २१० पैकी ४ हात राहिले.

आणि इथे मी स्वतः फसलो असतो, म्हणून हा भाग नीट सांगतो. ११ नंबरचे १६, म्हणजे त्याचे ४ राहिले. आणि एक-एक कमी असलेले किती? बरोबर चार, ६, ९, १३, १७. इतकं चपखल बसलं की पोरं ओरडलीच, सर, ११ नंबर या चौघांना भेटलाच नाही! हिशोबात तसूभर फरक नाही, ११ चे चार कमी, चौघांचा एक-एक कमी, राहिलेले हात ४, बेरीज ४१२, निम्मे २०६. सम आहे, सगळं जुळते. मीही चार्टावर ती चार घरं कोरी ठेवून २०६ लिहायला पेन उचलला होता.

पण ११ नंबर उभा राहिला, त्याचा आवाज भरून आला होता. "सर, मी सगळ्यायले भेटलो. खरंच भेटलो." मी म्हटलं ठीक आहे, मग बाकीच्या सगळ्यांनी हात वर करा, ज्यांनी ११ शी हात मिळवला त्यांनी. वीसच्या वीस हात वर गेले, त्यात ६, ९, १३, १७ पण होते.

मग त्याची चिठ्ठी मागवून डोळ्याजवळ धरून पाहिली. चार जुड्या होत्या, नीट मारलेल्या, प्रत्येकीत चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावरून एक आडवी. म्हणजे पाच-पाचच्या चार जुड्या, २०. पण खाली आकडा लिहिताना त्याने प्रत्येक जुडीतल्या उभ्या रेघाच मोजल्या, चार चोक सोळा, आणि आडवीला बांधायची दोरी समजून सोडून दिलं. रेघा खऱ्या होत्या, आकडा चुकीचा होता. मी फक्त खालचे आकडे बेरजेला घेतले, वरच्या रेघा पाहिल्याच नाहीत, ही माझी चूक.

म्हणजे ११ चे २० झाले. बेरीज ४१६, निम्मे २०८. आता राहिले फक्त दोन हात, आणि कमी असलेले तेच चौघं, तर ते आपसातच राहिले असणार, दोन जोड्या करून. पण कोणत्या जोड्या? ६-९ आणि १३-१७ असतील, किंवा ६-१३ आणि ९-१७, किंवा ६-१७ आणि ९-१३. तिन्हीत आकडे सारखेच दिसतात. चिठ्ठीवर फक्त 'किती' लिहिलं होतं, 'कोण' लिहिलं नव्हतं, आणि 'किती' वरून 'कोण' दर वेळी निघत नाही. त्यामुळे एकच आकडा दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगू शकतो, आणि त्यातली एक गोष्ट तर एका खरं बोलणाऱ्या पोरावर आळ घेणारी होती. ही खूणगाठ मी बांधून घेतली, जिथे जोड्यांचा हिशोब ठेवायचा आहे तिथे नोंद माणसाच्या नावावर ठेवायची नाही, जोडीच्या घरात ठेवायची. चार्ट भिंतीवर लावलेलाच होता, हात मिळाला की दोघांनी मिळून आपल्या घरात एक टिंब दिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

जोड्या विचारूनच काढाव्या लागल्या. ६ आणि १७ सख्खे भाऊ निघाले. लहान्याला विचारलं तर तो म्हणाला, "घरी तं रोजच भेटतो, याच्याशी हात कायले मिळवाचा?" हे सूत्र वापरताना नेहमी होणारी गोष्ट आहे, कागदावर आपण 'प्रत्येकजण प्रत्येकाशी' म्हणतो, पण कार्यक्रमात नवरा-बायको एकमेकांना हात देत नाहीत, एका घरातले देत नाहीत. अशा जोड्या किती ते आधी विचारून घ्यायचं आणि तेवढ्या वजा करायच्या, त्यात काही अवघड नाही. भावांनी तिथेच सगळ्यांसमोर हात मिळवला, २०९ झाले. राहिले ९ आणि १३. दोघीही खाली पाहत होत्या. मी विचारलं नाही.

पूर्ण झालं की नाही हे पाहायची आणखी एक सोपी रीत पोरांना दाखवली, माणसं किती होती हे माहीत नसलं तरी चालते. हातांचा आकडा दुप्पट करायचा आणि पाहायचं की तो लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार आहे का. १९० दुप्पट ३८०, म्हणजे २० × १९, म्हणजे २० जण होते आणि सगळे सगळ्यांना भेटले असू शकतात. पण २०९ दुप्पट ४१८. २० × १९ = ३८० आणि २१ × २० = ४२०, मध्ये काहीच बसत नाही. म्हणजे २०९ हा कोणत्याही पूर्ण भेटलेल्या गटाचा आकडा असूच शकत नाही, कोणी तरी राहिलं आहे किंवा कोणी दोनदा भेटलं आहे. मात्र उलटं म्हणता येत नाही, आकडा बसला म्हणजे सगळे भेटलेच असं नाही, २१ जणांतले २० हात राहिले तरी १९० च येतात.

पानांवरून पडताळा घेता आला असता का, असं एकाने विचारलं. विचार चांगला होता, पण पिशवी उघडली तर प्रत्येकाकडे २० च पानं, ९ आणि १३ कडेही. कारण दर भेटीत एक पान जाते आणि एक येते, आणि जी भेट झालीच नाही त्यात गेलंही नाही आणि आलंही नाही. मिळालेली पानं वेगळ्या खिशात ठेवली असती तर मोजता आलं असतं, ११ नंबरचा खिसा उघडून २० पानं दाखवली असती की त्याला उभं राहून बोलावं लागलं नसतं. सगळी एकाच पिशवीत टाकली आणि पुरावा मिसळून गेला.

पण त्यातूनच ती पान दुमडणारी पोरगी म्हणाली, "सर, माझ्याजवळ येतानी २० पानं होते, आताही २० च आहेत. मंग एवढे तोडले कायले?" आणि खरंच आहे हो. दोघं भेटतात, पानाची अदलाबदल करतात, दोघांच्या हातात पुन्हा एक-एक पान उरतेच. तेच पान घेऊन पुढच्याकडे जायचं. प्रत्येकाकडे एकच पान असलं तरी सगळ्या २१० भेटी होतात आणि कोणाचा हात कधी रिकामा राहत नाही. दिलेलं सोनं पुढे दिलं तर चालते, गावात आपण देतोच तसं, फक्त कोणी हिशोब करत नाही. देणं ४२० वेळा होते, पण पानं २१ पुरतात. पहिल्या दिवशी ज्याला सगळे हसले त्याच्या २१ ला मी फळ्यावर गोल केला. त्याला विचारलं तू असाच विचार केला होता का, तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणाला, पण खूश झाला. पुढच्या वर्षी धुऱ्यावरच्या झाडाची २१ च पानं तोडायची हे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

हे सूत्र कुठे लावायचं नाही हेही याच पोरांमुळे कळलं. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावाशी कबड्डीचा सामना झाला, सात-सात गडी मैदानात, सामना संपल्यावर दोन रांगा समोरासमोर आल्या आणि हात मिळवत गेल्या. आमच्यातला एक लगेच म्हणाला १४ जण, १४ × १३ ÷ २ = ९१ हात. तिथे उभ्या उभ्याच दुसऱ्याने त्याला थांबवलं, आपल्याच टीममधल्याशी कोणी हात मिळवला नाही ना. या सातांपैकी प्रत्येकाने त्या सातांशी मिळवला, ७ × ७ = ४९. इथे भागिले २ पण नाही, कारण आपण एकाच बाजूने मोजतो आहोत, हात दुसऱ्यांदा मोजलाच जात नाही. मग राहिलेले ४२ कुठे गेले? आमच्या सातांच्या आपसातल्या जोड्या ७ × ६ ÷ २ = २१ आणि त्यांच्याही २१. ४९ + २१ + २१ = ९१. त्या रात्री चार्टावर १४ × १४ चा तुकडा आखून हे रंगवलं, दोन छोटे त्रिकोण आणि मध्ये ४९ घरांचा चौकोन, सगळं मिळून तो मोठा त्रिकोण बरोबर भरला.

त्या दिवशीचा कल्ला टाळायचा असला तर त्या कबड्डीच्या रांगेवरूनच एक उपाय सुचला. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं, पहिल्याने मागे वळून रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवत शेवटच्याच्या पलीकडे जाऊन थांबायचं. त्याच्या मागोमाग दुसरा निघतो, त्याचं पहिल्याशी झालेलं असते, तो उरलेल्या १९ जणांना भेटून पहिल्याशेजारी जाऊन थांबतो. मग तिसरा १८ जणांना भेटतो. चार्टाच्या ओळीच चालत गेल्यासारखं होते, २०, १९, १८, आणि कोणी सुटत नाही, कोणी दोनदा येत नाही.

दिवाळीनंतर पुसदकडून एक पोरगी मामाकडे शिकायला आली आणि अभ्यासिकेत यायला लागली, नंबर २२. चार्टाच्या उजवीकडे पट्टी चिकटवून २१ घरांची एक उभी ओळ वाढवली, तेवढंच, जुन्या घरांना हात लावायची गरज नाही, नवीन माणूस आला की आधी जेवढे होते तेवढेच हात वाढतात. ती बेंचा-बेंचावर जाऊन सगळ्यांना भेटली, ९ ला भेटली, १३ ला भेटली, आणि या वेळी प्रत्येक भेटीनंतर दोघींनी नाहीतर दोघांनी मिळून घरात टिंब दिलं. २१ टिंबं झाली. खाली आम्ही २०९ खोडून २३० लिहिलं. २२ × २१ ÷ २ केलं तर २३१ येतात. ९-१३ चं घर अजून कोरं आहे.